आजार लेकाचा, वारं आईच्या अंगात

महानुभाव पंथाच्या काही मंदिरांत मानसिक दुखण्याची माणसं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं मुक्कामाला येतात. सोबत शिधा, स्टोव्ह, अंथरूण-पांघरूण आणि बहुतेक वेळा घरातलं एखादं लहान मूल. मुक्काम काही आठवड्यांचा, कधी काही महिन्यांचा. आरतीच्या वेळी तिथे पहिल्यांदा गेलेल्याची हमखास एक चूक होते. केस सुटलेली, बसल्या जागी गोल गोल घुमणारी पन्नाशीची बाई त्याला दिसते आणि त्याला वाटतं, आजारी ही. आजारी असतो तिचा विशीतला मुलगा. तो मागे भिंतीला टेकून बसलेला असतो. ओठ हलत असतात, आवाज नसतो. दवाखान्याच्या केसपेपरवर नाव त्याचं असतं. वारं मात्र आईला येतं.

व्हिएडा स्कल्टन्स या ब्रिटनमधल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातल्या अशाच एका महानुभाव मंदिरात येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे लेख १९८७ आणि १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यांना दिसलं ते असं, की मंदिरात आलेल्या घरांसाठी दुखणं हे एकट्या माणसाचं नसतं. ते सगळ्या घरावर आलेलं असतं आणि घरातल्या घरात ते इकडून तिकडे सरकू शकतं. एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावं तसं. आईनं, बायकोनं ते आपल्या अंगावर घेतलं, तर मुलाच्या किंवा नवऱ्याच्या अंगावरचा भार तेवढा कमी होतो, अशी समजूत असते. म्हणून ती घुमते. वैद्यकीय मानववंशशास्त्र, म्हणजे आजार माणसं कशी भोगतात आणि त्याचा अर्थ कसा लावतात हे पाहणारी विद्याशाखा, या प्रश्नाकडे कसं बघते हे समजून घ्यायला या आईइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. लेखाचा धागा तिच्याच हाती ठेवू.

अंगात येणं आणि लागणं

मराठीत या अनुभवांसाठी दोन वेगळे शब्दसमूह आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की पुढचं सगळं चुकतं. देवीचं, खंडोबाचं, म्हसोबाचं 'अंगात येणं', 'वारं येणं' किंवा कोकणात 'अवसर येणं' ही मानाची गोष्ट आहे. ते ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, बहुधा ठरल्या माणसाला येतं. लोक पुढे होऊन प्रश्न विचारतात, गाऱ्हाणं घालतात, अंगारा घेतात. वारं उतरलं की तो माणूस पाणी पितो आणि घरी जाऊन रोजच्या कामाला लागतो. याच्या उलट 'लागणं', 'झपाटणं', 'बाहेरचं होणं', 'बाधा होणं' हे कुणालाच नको असतं. ते मुंज्याचं असेल, हडळीचं असेल, साती आसरांचं असेल, नाहीतर घरातल्याच एखाद्या अवेळी गेलेल्या माणसाचं असेल. तिसरा प्रकार 'करणी'चा. तिथे भुतापेक्षा करणारा माणूस महत्त्वाचा, आणि तो बहुधा भावकीतला किंवा शेजारचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत, झपाटलेपणाच्या विकाराला स्वतःची जागा आहे. पण तो विकार ठरवण्याच्या अटी वाचल्या तर आपल्या आजीनं केलेला भेदच तिथे भेटतो. माणसाची नेहमीची ओळख बाजूला सरून तिथे बाहेरच्या शक्तीची ओळख आली पाहिजे. ते पुन्हा पुन्हा घडलं पाहिजे, किंवा एकदाच घडलं असेल तर कित्येक दिवस टिकलं पाहिजे. ते इच्छेविरुद्ध आणि नकोसं असलं पाहिजे. त्या समाजाच्या मान्य धार्मिक रीतीचा तो भाग असता कामा नये. आणि त्यापायी त्रास किंवा रोजच्या जगण्यात अडथळा झाला पाहिजे. म्हणजे पौर्णिमेला देवीचं वारं येणारी आणि मंगळवारी भाजीचा गाळा चालवणारी बाई या वर्गीकरणाच्या हिशेबानंसुद्धा आजारी नाही. तिला 'मनोरुग्ण' म्हणणारा माणूस शास्त्राच्या नावावर शास्त्राचीच अट मोडत असतो.

मग मंदिरातल्या आईचं घुमणं कुठे बसवायचं? इथे महानुभाव पंथाची शिकवण कामी येते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या या मार्गात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगळे पदार्थ मानले आहेत. मुक्ती देणारा फक्त परमेश्वर. देवता त्याच्या खालच्या, आणि त्या जिवाला अडकवूही शकतात. त्यामुळे एरवी जिथे 'देवीचं वारं' म्हणून नमस्कार झाला असता तिथे या मंदिरात ते बाधेच्याच खात्यात जातं. इथे कुणी कुणाच्या वाऱ्याला कौल मागत नाही. घुमणारीला मान मिळत नाही. तिला मिळते ती फक्त एक आशा, की आपण सोसलं तेवढं लेकाचं कमी होईल.

आरतीच्या वेळी काय घडतं

टाळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पहिली खूण दिसते ती श्वासाची. तो जलद आणि वरवरचा होतो, नाकानं जोरात सोडला जातो. मग मान हलू लागते, आधी पुढे-मागे, मग गोल. अंबाडा सुटतो. काही बायका तळहात जमिनीवर आपटतात, काही लोळतात. शेजारी बसलेली नणंद किंवा बहीण तेवढ्यात दोन कामं करते: पदर नीट खोचते आणि डोकं खांबावर आपटू नये म्हणून मध्ये हात धरते. बाहेरून बेभान दिसणाऱ्या या घटनेत आजूबाजूच्यांचं लक्ष किती सराईत असतं, हे तिथे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर बोलणं सुरू होतं, तेही प्रत्येकीच्या बाबतीत नाही. देवऋषीकडे, भगताकडे किंवा दर्ग्यात 'हाजरी' भरते तिथे हे बोलणं प्रश्नोत्तरांच्या रूपात चालतं आणि प्रश्नांचा क्रम महाराष्ट्रभर साधारण सारखा आहे. तू कोण? कुठे धरलंस? का धरलंस? काय पाहिजे? कधी जाशील? उत्तर देणारा आवाज स्वतःबद्दल 'मी' म्हणतो, आणि ज्या बाईच्या तोंडून तो बोलतो तिला 'झाड' म्हणतो: "या झाडाला मी सोडणार नाही." हा एक शब्द नीट ऐकण्यासारखा आहे. ज्यावर कुणीतरी येऊन बसलंय ते झाड. बसणारा वेगळा, झाड वेगळं. त्यामुळे जे बोललं जातं त्याची जबाबदारी झाडावर येत नाही. सासऱ्याला एकेरीत हाक मारली, दागिने कुणी गहाण टाकले ते चारचौघांत सांगितलं, तरी वारं उतरल्यावर सुनेला कुणी जाब विचारत नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, "मला काही आठवत नाही."

हे न आठवणं सोंग असतं का, हा प्रश्न सगळेच विचारतात. मानसशास्त्रात या अवस्थेला विच्छेदन म्हणतात. लक्ष एका ठिकाणी इतकं गोळा होतं की स्वतःवर नजर ठेवणारा मनाचा भाग काही काळ बाजूला पडतो. एकसुरी ठेका, जलद श्वास, मानेच्या गोल हालचाली, उपाशी पोट, अपुरी झोप आणि 'आता येणार' ही सगळ्यांची अपेक्षा, या गोष्टी एकत्र आल्या की ज्यांचा पिंड तसा आहे अशा माणसांना ही अवस्था सहज येते, आणि सरावानं आणखी लवकर येते. काहींना नंतर सगळं आठवतं, काहींना तुकडे, काहींना काहीच नाही. जाणूनबुजून केलेलं आणि पूर्ण बेभानपणे झालेलं, या दोन टोकांच्या मधलीच पट्टी फार रुंद आहे. बहुतेक अनुभव त्या पट्टीत बसतात, आणि 'खरं की खोटं' असं विचारणारा तीच पट्टी पुसून टाकतो.

एक घर, सहा महिने

पुढचं उदाहरण कुणा एका घराचं नाही. अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जोडून ते रचलेलं आहे.

मराठवाड्यातलं तीन एकरांचं शेतकरी कुटुंब. मुलगा बावीस वर्षांचा, आयटीआय अर्धवट सोडलेला. सहा महिन्यांपासून रात्री झोपत नाही, एकटाच हसतो, शेजाऱ्यानं पाण्याच्या टाकीत काहीतरी कालवलंय म्हणतो, आंघोळ टाळतो. पहिले दोन महिने घरच्यांनी त्याला आळस म्हटलं. मग चुलत्यानं देवऋष्याकडे नेलं. पहिल्यानं सांगितलं, अमावस्येला दुपारी विहिरीवर गेला होता, तिथलं लागलं. दुसऱ्यानं भावकीची करणी सांगितली. तिसऱ्यानं विचारलं, "घरात कुणी अतृप्त गेलंय का?" आणि सगळे गप्प झाले. धाकट्या काकानं चार वर्षांपूर्वी त्याच विहिरीजवळ जीव दिला होता. त्याच्या वाटणीचा प्रश्न तसाच राहिला होता आणि त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती.

तिघांची निदानं वेगळी, पण तिघांच्या बोलण्यातून घरातल्या तीन खऱ्या जखमा बाहेर आल्या: मुलगा एकटा भटकतो, बांधावरून भावकीत वैर आहे, आणि मेलेल्या भावाच्या बायको-मुलीला कुणी विचारलं नाही. 'भूत म्हणजे अज्ञान' एवढं म्हणून थांबलं की ही माहितीही त्याच्याबरोबर फेकून दिली जाते.

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ साली आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या लेखात एक साधा भेद सांगितला. शरीरात-मेंदूत झालेला बिघाड म्हणजे रोग, आणि तो बिघाड माणूस व त्याचं घर ज्या रीतीनं अनुभवतं ते आजारपण. आजारपण समजून घ्यायला त्यांनी काही प्रश्न सुचवले. आपल्या भाषेत ते असे विचारता येतात: तुमच्याकडे याला काय म्हणतात? कशामुळे झालं असं वाटतं? तेव्हाच का झालं, आधी का नाही? याची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? काय उपाय व्हावा असं वाटतं? या घरात वडिलांचं उत्तर करणीचं येईल, आईचं दिराचं, आणि मुलाचं टाकीतल्या पाण्याचं. 'कुटुंबाची समजूत' म्हणून एकच ओळ लिहिणाऱ्याच्या हातून हा फरक निसटतो. भीतीचा प्रश्न तर कधीच गाळू नये. आईला भीती भुताची नसते. दिरानं केलं तेच मुलगा करील, ही असते. ती ऐकल्यावर डॉक्टरांनी मुलाला त्याच दिवशी, सरळ शब्दांत, जीव द्यावासा वाटतो का हे विचारायला हवं.

हे कुटुंब मंदिरात आलं. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळच्या आरतीला आई घुमू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी तिच्या तोंडून दीर बोलला: "माझी वाटणी दिली नाही. माझ्या पोरीचं कोण बघणार?" वडील हात जोडून समोर बसले होते. एरवी बायकोनं हा विषय काढला असता तर त्यांनी तिला गप्प केलं असतं. मेलेल्या भावाला गप्प करता येत नाही. त्यांनी पुतणीच्या नावानं अर्धा एकर लावून देण्याचा शब्द दिला, दहा घरांच्या समोर.

आईचं घुमणं एकाच वेळी दोन कामं करत होतं. लेकाचा भार आपल्याकडे घेणं हे एक, आणि घरात बोलता न येणारी गोष्ट बोलणं हे दुसरं. मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ मध्ये अशी मांडणी केली होती की झपाटलेपण बहुधा घरात आवाज नसलेल्यांच्या वाट्याला येतं आणि त्यातून ते नकळत आपलं म्हणणं पदरात पाडून घेतात. मांडणी उपयोगी आहे, पण तेवढीच धरली तर आई हिशेबी वाटू लागते. तिनं मिळवलं ते जावेच्या मुलीसाठी, आणि तिच्या वाट्याला आलं ते दुखरं शरीर. स्कल्टन्स यांची त्यागाची बाजू इथे जास्त खरी उतरते. त्यातली विषमताही लपत नाही: मुलगा किंवा नवरा आजारी पडला तर घरातल्या बायका घुमतात, सून आजारी पडली म्हणून नवरा घुमायला लागला, असं सहसा घडत नाही. दुखणं सरकतं, पण बहुतेक वेळा बाईच्याच दिशेनं.

बरं वाटतं, ते कशानं?

याचं मोजमाप झालेलं आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात राहायला आलेल्या ३१ मानसिक रुग्णांचा अभ्यास २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या २३ जणांना संशयी प्रकारचा स्किझोफ्रेनिया होता. सरासरी मुक्काम सुमारे सहा आठवडे. औषध नाही, आणि खास असा कोणता उतारा-मंत्रही नाही. सकाळची छोटी पूजा आणि मग झाडलोट, झाडांना पाणी घालणं अशी साधी कामं. लक्षणांची तीव्रता मोजणाऱ्या मापनपट्टीवर या लोकांचे गुण जवळपास २० टक्क्यांनी कमी झाले.

हा आकडा दोन्ही बाजूंचे लोक चुकीचा वापरतात. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. माणसं दुखणं शिगेला पोचल्यावर मंदिरात येतात, आणि शिगेला पोचलेलं दुखणं काही प्रमाणात आपोआपही उतरतं. पण तेवढ्यानं निकाल शून्यावर येत नाही. ठरलेल्या वेळी उठणं-जेवणं, सोबत नातेवाईक, झेपेल एवढं काम, आणि वेडा म्हणून कुणी हाकलत नाही अशी जागा, यांचा स्किझोफ्रेनियावर चांगला परिणाम होतो. आपल्या उदाहरणातल्या मुलाला चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी ओरडलं नाही, कारण सगळ्यांच्या लेखी दोष त्याचा नव्हता, बाधेचा होता. दोषाचं हे स्थलांतर हे मंदिराचं बहुधा सगळ्यात मोठं औषध. पण २० टक्के उतरलं म्हणजे ८० टक्के शिल्लक आहे. मुलाला आवाज ऐकू येतच होते.

घात कुठे होतो

पहिला घात ओळखण्यात होतो. काही अवस्था झपाटल्यासारख्या दिसतात, पण त्यात तासांचा हिशेब असतो. ताप आणि त्याबरोबर बरळणं, माणसं न ओळखणं हे मेंदूच्या तापाचं असू शकतं. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली आणि दोन-तीन दिवसांनी थरथर सुटून त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, तर ती जिवावरची गोष्ट आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र बोलू लागली, तर आसरांचा उतारा काढण्यात एक रात्रही घालवू नये. हजारात एक-दोन बाळंतिणींना होणारा हा आजार दवाखान्यात चांगला बरा होतो, आणि घरी आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. झटक्यात जिभेची कड चावली गेली, कपड्यात लघवी झाली, तर फिट धरून चाला. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा. आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच 'लागलं', तर आधी शरीराची तपासणी.

दुसरा घात औषध आणि विधी एकमेकांवर आदळल्यानं होतो, आणि याबद्दल घरच्यांना फार कमी सांगितलं जातं. मनाच्या तीव्र आजारावरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः तरुण मुलांत, पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला वळून अडकते, जबडा आवळतो, डोळे वर जाऊन तिथेच थांबतात. हे पाहून 'अंगातलं खवळलं' असं सगळ्यांनाच वाटतं. तो गोळीचा दुष्परिणाम असतो आणि एका इंजेक्शननं बहुधा अर्ध्या तासात उतरतो. पण तेवढ्या वेळात गोळी कायमची बंद होते आणि 'डॉक्टरच्या औषधानं बाधा वाढली' ही गोष्ट गावभर होते. गोळी लिहून देतानाच हे दोन वाक्यांत सांगितलं तर अनर्थ टळतो. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर दिलं जाणारं लिथियम हे औषध चालू असलेल्यानं निर्जळी उपास केला की रक्तातलं लिथियम वाढतं: हात थरथरतात, चाल झोकांड्या खाते, बोलणं जड होतं. उपास करायचाच असेल तर पाणी आणि मीठ सोडायचं नाही, आणि ही लक्षणं दिसली की पुढचा डोस न देता त्याच दिवशी दवाखाना. फिटच्या गोळ्या देवाच्या भरवशावर एकदम सोडल्या तर लागोपाठ फिट येऊन जीव जाऊ शकतो.

तिसरा घात उघड क्रौर्याचा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. ती दर्ग्यावर श्रद्धेनं आली होती. त्यांना बांधलं होतं पैसे घेऊन सांभाळणाऱ्यांनी. हा फरक महत्त्वाचा आहे, पण जळालेल्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजारी माणसाला साखळीनं बांधायला पूर्ण मनाई केली आहे. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांच्या प्रदीर्घ प्रयत्नांतून आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, हे त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात आहे. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून अडवणंही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. आरती, प्रदक्षिणा, यात्रा, नवस यांना हा कायदा हात लावत नाही. आपल्या उदाहरणातली आई कायद्याच्या बाजूनंही निर्दोष आहे.

कुटुंबानं जागा निवडताना चार साध्या गोष्टी पाहाव्यात. मुक्काम कधीही संपवून निघता येतं का? गोळ्या बंद करा असं कुणी सांगतं का? पैशाचा आकडा दर भेटीला वाढतो का? आणि आजारी माणसाला एकांतात नेलं जातं का? यातल्या एकाही उत्तरानं मन धास्तावलं तर तिथून उठावं. सल्ल्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते आणि मराठीत बोलता येतं.

गोळी आणि आरती

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातारच्या दर्ग्याच्या आवारात मानसोपचाराचा दवाखाना चालवला गेला आणि मुजावरच माणसांना तिकडे पाठवू लागले. लोक त्याला दवा-दुआ म्हणतात. तो चालला, कारण कुणालाही आपली समजूत आधी टाकून मग आत यावं लागलं नाही.

आपल्या घरातला मुलगा मंदिरातूनच जिल्हा रुग्णालयात गेला. तिथल्या डॉक्टरांनी भूत खरं म्हटलं नाही आणि खोटंही म्हटलं नाही. मंदिरात जे चाललंय ते चालू ठेवा, झोपेसाठी आणि कानातल्या आवाजांसाठी रात्री ही गोळी द्या, एवढंच सांगितलं. मान अडकली तर काय करायचं तेही सांगितलं. गोळीची वेळ त्यांनी आरतीला बांधून दिली: आरती झाली, जेवण झालं, की गोळी. कुणाला घड्याळ बघावं लागलं नाही. झोप आठवड्याभरात लागली, टाकीच्या पाण्याचा संशय सहाव्या आठवड्यात ओसरला. तोवर आईचं घुमणंही विरळ झालं, रोजचं अमावस्या-पौर्णिमेवर आलं. ते गोळीमुळे की वाटणीच्या शब्दामुळे की लेक झोपायला लागला म्हणून, हे वेगळं काढता येत नाही, आणि तिला विचारलं तर ती तिन्हींना हो म्हणेल.

पेरणीच्या दिवसांत घरी परतल्यावर गोळ्या संपल्या आणि बारा दिवस कुणी आणायला गेलं नाही. मुलगा वरून ठीक होता, बैलं सोडत होता, जेवत होता. आईची मात्र मान जड झाली, दोनदा चुलीपुढे बसल्या बसल्या ती डुलली. तीच नवऱ्याला म्हणाली, पोराचं परत सुरू होतंय. तिसऱ्या रात्री तो जागा राहिला. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं? मग त्यांनी आईचा रक्तदाब घेतला, तिच्या झोपेची चौकशी केली, आणि मुलाच्या केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं: आईची मान जड झाली की तारखेची वाट न पाहता यावे.